भिंत खाल्ली गेली की काढून घेतली? ऑर्डर बुकच्या नोंदी, टप्पा सहावा

मागच्या टप्प्यापर्यंत माझा प्रोग्राम एवढेच करत होता की ऑर्डर बुकच्या, म्हणजे प्रत्येक भावावर थांबलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डर्सच्या यादीच्या, दोन्ही बाजूंच्या पहिल्या वीस पातळ्या पाहायच्या आणि एखाद्या भावावरची संख्या बाकीच्यांच्या मध्यकाच्या दहा पटींहून जास्त झाली की तिथे ‘भिंत’ अशी खूण करायची. ते काम व्यवस्थित चालले. पण भिंत आहे हे कळून फारसा उपयोग नव्हता, कारण खुणा केलेल्या भिंतींपैकी कितीतरी भाव जवळ येण्याआधीच नाहीशा होत होत्या. म्हणून या टप्प्यात मी एकाच प्रश्नावर काम केले: भिंतीतली संख्या कमी झाली, तेव्हा ती सौद्यांत गेली की ऑर्डर रद्द झाल्यामुळे गेली?

माझ्या मते विश्वासार्हतेचा प्रश्न इथेच येऊन ठरतो. डेप्थमध्ये, म्हणजे या यादीत, दिसणारी संख्या हे असे आश्वासन असते, की जे सौदा होईपर्यंत केव्हाही मागे घेता येते. ज्याला खरोखर खरेदी करायची आहे त्याची ऑर्डर भाव तिथे पोहोचल्यावर हळूहळू खाल्ली जाते. ज्याला केवळ मागणी असल्याचा देखावा करायचा आहे त्याला मात्र भाव पोहोचण्याआधी निघून जावेच लागते, नाही तर नको असलेला माल त्याच्या गळ्यात पडतो. त्यामुळे भिंत किती मोठी आहे किंवा ती किती वेळ उभी आहे यापेक्षा भाव जवळ आल्यावर ती कशी वागते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

अडचण अशी आहे की माझ्याकडे येणारी डेप्थ प्रत्येक भावावरची केवळ एकूण संख्या सांगते. दर १०० मिलिसेकंदांनी एक संदेश येतो, त्यात बदललेल्या भावांची नवी संख्या असते, आणि ती शून्य असेल तर ती पातळी काढून टाकायची असते. संख्या का घटली याचे कारण त्यात नसते. सौदे वेगळ्या प्रवाहातून येतात, त्यांत भाव आणि संख्या असते. म्हणजे रद्द झालेला भाग वजाबाकीनेच काढावा लागतो:

```python
drop = prev_qty - new_qty
filled = traded[price]
pulled = max(0, drop - filled)
traded[price] = max(0, filled - drop)
```

पहिल्या आवृत्तीत मी ही वजाबाकी संदेश आल्याक्षणी करत होतो, आणि तिथेच फसलो. विक्रीच्या बाजूला १००.२० या भावावर ६०० संख्येची एक भिंत होती. भाव तिला पहिल्यांदा टेकला तेव्हा संख्या ६०० वरून ४५५ वर आली, म्हणजे १४५ ची घट झाली. प्रोग्रामने सांगितले की त्यांतले ६१ सौद्यांत गेले आणि ८४ मागे घेतले गेले, म्हणजे निम्म्याहून अधिक घट पोकळ ठरली. सौद्यांची फाईल हाताने तपासली तेव्हा त्या भावावर प्रत्यक्षात १४१ चे सौदे झालेले आढळले. त्यांतल्या ८० संख्येची खबर डेप्थच्या संदेशानंतर काही दशांश सेकंदांनी पोहोचली होती. दोन प्रवाह दोन वेगळ्या वाटांनी येतात आणि त्यांचा क्रम जुळेल याची कोणतीही हमी नसते, हे मला आधीच लक्षात यायला हवे होते.

आता कोणतीही घट दिसली की प्रोग्राम ३०० मिलिसेकंद निर्णय राखून ठेवतो आणि त्या अवधीतले आधीचे व नंतरचे सौदे एकत्र धरून मगच वजाबाकी करतो. उरलेले सौदे पुढच्या घटीसाठी शिल्लक राहतात, पण तेही ३०० मिलिसेकंदच. तसे केले नाही तर जुने सौदे पुढच्या खऱ्या माघारीवर पांघरूण घालतात. या दुरुस्तीनंतर त्या पहिल्या स्पर्शात मागे घेतलेली संख्या फक्त ४ निघाली. दुसऱ्या स्पर्शात १४५ ची घट झाली आणि सौदेही १४५ चेच झाले. तिसऱ्या स्पर्शात उरलेले ३१० संपले, पण त्या भावावर ४०२ चे सौदे नोंदले गेले. वरचे ९२ कोठून आले हे एकूण संख्येवरून सांगता येत नाही. एखाद्या मोठ्या ऑर्डरचा लपवलेला भाग पुढे आला असेल किंवा दुसरे विक्रेते त्याच भावावर रांगेत येऊन उभे राहिले असतील. कसेही असले तरी ही भिंत खरी होती, आणि जेवढी दिसत होती त्याहून थोडी जाडच निघाली.

याच्या अगदी उलट वागणारी भिंत मला त्याच आठवड्यात खरेदीच्या बाजूला मिळाली, आणि तिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. आजूबाजूच्या पातळ्यांवर सरासरी ४० संख्या असताना ९९.९७ या भावावर एकाएकी ९०० ची भर पडली आणि तिथे ९४० दिसू लागले. त्या वेळी खरेदीचा सर्वोत्तम भाव १००.०२ होता, म्हणजे भिंत पाच टिक खाली होती; इथे टिक म्हणजे भावातला सर्वांत लहान बदल, ०.०१. पुढच्या चौदा मिनिटांत सर्वोत्तम भाव १००.०३, १००.०५, १००.०४ आणि १००.०६ असा सरकला, आणि ते ९०० अनुक्रमे ९९.९८, १००.००, ९९.९९ आणि १००.०१ वर आले. प्रत्येक वेळी एकाच संदेशात जुन्या भावावरून ९०० गेले आणि नव्या भावावर तेवढेच आले. अंतर मात्र पाच टिकचेच राहिले.

हे अंतर राखणे मला आकारापेक्षा जास्त बोलके वाटते. बहुतेक ठिकाणी एका भावावर आधी आलेल्याची ऑर्डर आधी भरली जाते, त्यामुळे खऱ्या खरेदीदाराला रांगेतली आपली जागा मोलाची असते आणि तो ती सहजासहजी सोडत नाही. भाव बदलला की रांगेत पुन्हा शेवटी उभे राहावे लागते. जो दर तीन-चार मिनिटांनी आनंदाने रांगेच्या शेवटी जातो, त्याला पुढे सरकण्याची घाई नाही एवढे तरी नक्की म्हणता येते. अमेरिकी शेअर बाजाराच्या २०१० च्या मे महिन्यातल्या प्रसिद्ध घसरणीच्या संदर्भात ज्याच्यावर खटला भरला गेला आणि ज्याने २०१६ मध्ये गुन्हा कबूल केला, त्या नविंदर सराओ या ब्रिटिश ट्रेडरच्या प्रोग्रामची पद्धत हीच होती: विक्रीच्या मोठ्या ऑर्डर्स सर्वोत्तम भावापासून काही पातळ्या दूर ठेवायच्या आणि बाजार हलला की त्याही त्याच अंतराने हलवायच्या.

आता शेवटचे क्षण पाहा. भाव १००.०६ वर असताना दोन सेकंदांत ११० संख्येची विक्री आली. वरच्या दोन पातळ्या पूर्ण संपल्या, तिसरीतले ३० गेले, आणि सर्वोत्तम भाव १००.०४ वर आला. भिंतीपासूनचे अंतर तीन टिकवर येताच १००.०१ वरची संख्या एकाच संदेशात ९४० वरून ४० झाली. मागचेपुढचे ३०० मिलिसेकंद धरूनही त्या भावावर एकही सौदा नव्हता. म्हणजे घट ९०० ची, भरलेले शून्य, मागे घेतलेले ९००. साधारण ४०० मिलिसेकंदांनी तेच ९०० पुन्हा ९९.९९ वर, म्हणजे नव्या सर्वोत्तम भावापासून बरोबर पाच टिक खाली, उभे राहिले.

तेव्हा मी समोरच्या बाजूची नोंद उघडली. त्याआधीची तीन मिनिटे विक्रीचा सर्वोत्तम भाव १००.०७ होता आणि तिथे एका वेळी १५ हून अधिक संख्या कधीच दिसली नव्हती, तरीही त्या भावावर २१४ चे सौदे झाले होते. कोणीतरी थोडे थोडे दाखवत बराच माल विकत होते आणि घेणारे भिंतीच्या भरवशावर घेत होते. दोन्हीमागे एकच व्यक्ती होती असे यावरून सिद्ध होत नाही, परंतु एका बाजूला न भरणारी मोठी संख्या आणि दुसऱ्या बाजूला सतत भरणारी छोटी संख्या ही जोडी दिसली की मी त्या भिंतीला शून्य वजन देतो.

वजनाचा परिणाम किती होतो हेही मोजले. दोन्ही बाजूंच्या दहा पातळ्या धरल्या तर भिंतीसह खरेदीकडे १३०० आणि विक्रीकडे ४०० होते, म्हणजे खरेदीचा वाटा ०.७६. भिंत वगळली की तो ०.५० वर येतो. फक्त पहिल्या तीन पातळ्या धरल्या तर भिंत असतानाही तो ०.५० च्या आसपासच राहतो, कारण ती पाच टिक लांब होती. दोन आकड्यांत इतकी तफावत पडली की दूरच्या पातळ्यांवर एकवार शंका घ्यावी, असे मी आता मानतो.

काही खोट्या माघारी मात्र माझ्याच नोंदीत तयार होत होत्या. डेप्थचा प्रवाह फक्त वरच्या वीस पातळ्यांचा असेल, तर भाव दूर गेल्यावर भिंत त्या चौकटीबाहेर पडते आणि रद्द झाल्यासारखी दिसते. याउलट एखादा संदेश हुकला तर रद्द झालेली भिंत माझ्या प्रतीत तशीच उभी राहते. अशी एक भिंत मी दोन तास अत्यंत भक्कम समजत होतो. आता संदेशांचे क्रमांक सलग आहेत का आणि खरेदीचा सर्वोत्तम भाव विक्रीच्या भावाला ओलांडत तर नाही ना, हे दोन्ही तपासले जाते. गडबड आढळली की संपूर्ण यादीचा नवा स्नॅपशॉट घेतला जातो आणि तोपर्यंतची नोंद बाद होते.

सर्वांत अवघड भाग उरतोच. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यात स्पूफिंगची, म्हणजे अशा देखाव्याच्या ऑर्डर्सची, व्याख्या सौदा होण्याआधीच ऑर्डर रद्द करण्याच्या हेतूवर बेतलेली आहे, आणि हेतू डेप्थमध्ये दिसत नाही. मार्केट मेकर, म्हणजे सतत दोन्ही बाजूंना भाव देणारे व्यापारी, दिवसभर ऑर्डर्स रद्द करत असतात, आणि त्यांना तसे करावेच लागते. संबंधित बाजारात भाव हलला की जुन्या भावावर थांबणे त्यांना परवडत नाही. गेल्या आठवड्यात ७०० ची एक भिंत न भरता गेली आणि मी तिला संशयित ठरवले, पण नंतर पाहिले तर तिच्या २०० मिलिसेकंद आधी त्याच वस्तूच्या फ्युचर्सचा भाव चार टिक घसरलेला होता. ती माघार पूर्णपणे रास्त होती. म्हणून प्रत्येक माघारीशेजारी त्याआधीच्या अर्ध्या सेकंदात फ्युचर्स किती हलले याचा एक स्तंभ मी जोडला आहे. तो रिकामा असताना, भाव तीन टिकच्या आत आलेला असताना आणि भरलेली संख्या शून्य असताना भिंत गेली, तरच तिची गणना संशयितांत होते. तो स्तंभ जोडल्यापासूनच्या चार दिवसांत अशा एकूण अकरा भिंती नोंदल्या गेल्या, आणि त्यांतल्या आठ पाच किंवा सहा टिकचे अंतर राखून चालत होत्या.