करमणुकीचे ५२ अंक आणि एक अर्ज

गुरुवार, २६ फेब्रुवारी

दुपारी तिसऱ्या तासानंतर मुदतवाढीचा अर्ज हातात पडला. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची माझी विद्यार्थिनी, कळव्याची. लघुप्रबंध ३१ मार्चला द्यायचाय. अर्ज सगळा मिळून सात ओळींचा: 'काही अपरिहार्य कारणांमुळे तसेच अभिलेखागारातील साधने वेळेत उपलब्ध न झाल्यामुळे काम अपूर्ण राहिले आहे, तरी तीन महिन्यांची मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.' मध्येच एक ओळ दिवाळीत वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं त्याची.

यातलं एक अक्षर खोटं नाही, हे मला माहीत आहे. पण विभागप्रमुखांच्या टेबलावर फेब्रुवारी-मार्चात असे अर्ज चळतीने येतात, आणि त्यातल्या निम्म्यांत हेच शब्द असतात. सर वाचणार, 'तीन महिने' दिसले की मान हलवणार. मे महिन्यात बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षेला येतात, त्यांना प्रबंध निदान दहा दिवस आधी लागतो. जूनअखेर म्हणजे ती गाडी चुकलीच.

तिला बसवून घेतलं. म्हटलं, "अगं, तुझं नेमकं काय अडलं ते यात कुठंच नाही."

अडलं ते असं. तिचा विषय हरिभाऊ आपटे. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी आज आपण एका बैठकीत उघडतो ती पुस्तक म्हणून. पण १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ती तुकड्यातुकड्यांनी आली. वाचकाला एका आठवड्याला एक तुकडा मिळायचा, आणि पुढचं कळायला आठ दिवस थांबावं लागायचं. हा तुकडा कुठे तुटतो, त्याच पानावर शेजारी काय छापलंय, पुढच्या अंकात आधीची आठवण करून देणारं काही वाक्य आहे का, आणि पुस्तक करताना त्यातलं काय गळलं, हे बघायचं तर पुस्तक कामाचं नाही. पुस्तक काय, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून तिने पहिल्याच आठवड्यात आणलं होतं. (१८९३ पासूनचं ग्रंथालय आपल्या गावात असणं ही चैन आहे, आणि ठाणेकरांना तिची फारशी जाणीव नाही, हे जाता जाता.) अंक मात्र मुंबईतल्या एका जुन्या संग्रहात. नाव लिहीत नाही, तिथली माणसं भली आहेत आणि तिला अजून तिथे जायचंय.

महाविद्यालयाचं पत्र घेऊन तिने जुलैत अर्ज केला. परवानगी सप्टेंबरात आली. गेली तर पहिल्या वर्षाची फाइल दुरुस्तीला गेलेली. यात कुणाचा आळस आहे असं मला वाटत नाही. त्या काळात छपाईचा कागद चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला, त्यात आम्ल राहतं, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी पान उलटताना कोपरा हातात येतो. शंभर वर्षं आधीची पोथी धडधाकट आणि हे साप्ताहिक पापडासारखं, असा उलटा प्रकार. अशा पानांना पातळ टिश्यू लावून ती परत शिवायची म्हणजे महिने जातात. तिची फाइल बाहेर आली ती या १६ फेब्रुवारीला.

हे सगळं तिने तोंडी धडाधड सांगितलं, तारखांसकट. मग मी विचारलं की याचा कागद काय आहे? तिने वहीच्या मागच्या कव्हरमधून चार मागणी-चिठ्ठ्या काढल्या. वाचनकक्षात कुठलीही फाइल मागवताना भरून द्यायची ती चिठ्ठी, दुसरी प्रत आपल्याकडे राहते. चारही चिठ्ठ्यांवर तारखेचा शिक्का, आणि शेऱ्याच्या रकान्यात काउंटरवरच्या बाईंच्या पेन्सिलीतलं 'दुरुस्तीस'. सप्टेंबर, ऑक्टोबर, डिसेंबर, जानेवारी. मुलीने त्या जपून ठेवल्या होत्या आणि अर्जात त्यांचा उल्लेखही नाही! चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स, परवानगीची ईमेल आणि जुलैच्या अर्जाची पोच, एवढी तीन जोडपत्रं झाली की उशीर कुणामुळे हा प्रश्नच उरत नाही.

वडिलांची ओळ काढायला सांगितली. तिला वाईट वाटलं. पण त्या वेळी ती चार दिवस घरी होती आणि नंतर कामाला लागली, काम त्याने अडलेलं नाही. एका भक्कम कारणाशेजारी दुसरं लंगडं कारण ठेवलं की वाचणारा लंगड्यावरच बोट ठेवतो.

आता खरी मेख पुढेच. सर पहिला प्रश्न हा विचारणार, की सप्टेंबर ते फेब्रुवारी तू काय करत होतीस? याचं उत्तर तिच्याकडे चांगलं आहे. पहिलं प्रकरण, नियतकालिकांची पार्श्वभूमी, पूर्ण. दुसरं, कादंबरीवरच्या आजवरच्या समीक्षेचं, पूर्ण आणि माझ्याकडून तपासून झालेलं. तिसरं प्रकरण म्हणजेच हे अंक. चौथं तिसऱ्याच्या निष्कर्षांवर उभं, त्यामुळे त्याचा फक्त आराखडा. अर्जात हे प्रकरणवार लिहायचं. सत्तर टक्के काम झालं असं लिहू नकोस, म्हटलं, त्यातून कुणाला काही कळत नाही.

दुसरा प्रश्न, तिसरं प्रकरण गाळता येणार नाही का? किंवा, हल्ली सगळेच विचारतात तसं, "नेटवर स्कॅन नाही का मिळत?" मिळतं ते पुस्तकाचं. आणि पुस्तकात नेमके ते सांधे बुजवलेले असतात, ज्यांच्यावर तिचा प्रबंध आहे. हे दोन वाक्यांत लिहिलं की पुरे.

मग मुदत. "तीन महिने कुठून आणलेस?" तर म्हणे, मागताना जास्त मागावेत, म्हणजे निदान दीड तरी मिळतो. भाजी मंडईतला हा हिशेब इथे अंगावर येतो, कारण समितीत बसलेले सगळे स्वतः कधीतरी संशोधक होते. आम्ही बसून खरा हिशेब मांडला. पहिल्या वर्षाचे ५२ अंक. कादंबरी प्रत्येक अंकात नसेलही, पण नाही हे कळायलाही अंक उघडावाच लागतो. फोटो काढायला मनाई, पेनलाही मनाई, सगळं पेन्सिलीने वहीत: अंकाची तारीख, तुकड्याची पहिली ओळ, शेवटची ओळ, शेजारचा मजकूर, पुस्तकापेक्षा फरक. घड्याळ लावून पाहिलं तर एका अंकाला साधारण ४० मिनिटं लागतात, असं तिचं म्हणणं. चिठ्ठी दिल्यावर फाइल वर येईपर्यंतची वाट आणि जेवणाची सुट्टी वजा जाता दिवसाचे चार तास हाती राहतात. म्हणजे रोज सहा अंक, नऊ दिवस. आठवड्यातून तीनच दिवस तिला जाता येतं, बाकी इथले तास. झाले तीन आठवडे. धुळवड आणि पाडवा दोन्ही मार्चातच, म्हणून चार धरले. मार्च गेला. दोन प्रकरणं लिहायला तीन आठवडे, माझ्या तपासणीला एक, मग छपाई आणि बांधणी. तारीख निघाली ३० एप्रिल.

म्हणजे एक महिनाच. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एवढ्यात होईल, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

अर्जाचा मधला परिच्छेद शेवटी असा झाला. खर्डा तिचा, मी दोन ठिकाणी हात फिरवला:

'प्रकरण तीनसाठी आवश्यक असलेली "करमणूक" साप्ताहिकाची पहिल्या वर्षाची फाइल सप्टेंबरपासून दुरुस्तीसाठी बाहेर होती व ती १६ फेब्रुवारी रोजी वाचनासाठी उपलब्ध झाली (जोडपत्र ३). प्रकरण एक व दोन पूर्ण असून ती ३१ मार्चपूर्वीच सादर करण्यास मी तयार आहे. अंकांचे वाचन मार्चअखेर व लेखन एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पूर्ण होईल. तरी प्रबंध सादर करण्यास ३० एप्रिलपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती.'

'नम्र' मी मुद्दाम काढलं नाही, ते आपोआप गेलं. वर 'प्रति, विभागप्रमुख', त्याखाली 'मार्गदर्शकांमार्फत'. हे 'मार्फत' महत्त्वाचं. माझ्या शिफारशीशिवाय थेट गेलेला अर्ज सर माझ्याकडेच परत पाठवतात आणि त्यात एक आठवडा फुकट जातो. पीएच.डी.चं गणित निराळं, तिथे ६ वर्षांची कमाल मर्यादा नियमातच आहे आणि अर्ज विद्यापीठाकडे जातो. आमचं सगळं विभागातल्या विभागात.

एक गोष्ट घरी आल्यावर सुचली. तिला रात्री फोन केला. फाइल पुन्हा आत गेली तर? असं होतं, एखादं पान फाटलं की ते लगेच बंद करतात. तर अर्जातच लिही की तसं झाल्यास तोवर पाहिलेल्या अंकांपुरतं प्रकरण मर्यादित करीन, आणि कोणते अंक पाहिले, कोणते गहाळ, याची यादी परिशिष्टात देईन. ती यादी तशीही द्यावीच लागणार आहे. जुन्या साप्ताहिकांची बांधणी करताना बांधणाऱ्यांनी बरेचदा वरची वेष्टनं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात, त्यामुळे 'या अंकात जाहिराती नव्हत्या' असं म्हणायची सोय नसते. 'या फाइलीत नाहीत' एवढंच म्हणता येतं.

"मॅडम, म्हणजे अर्जातलं हे वाक्य मला प्रबंधातही चालेल," ती म्हणाली. चालेल की.

सोमवार, २ मार्च

सरांनी अर्ज उभ्याउभ्या वाचला. चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स मात्र खाली बसून पाहिल्या, एकेक. मग विचारलं ते भलतंच: "४० मिनिटं जरा कमी नाहीत का? पुस्तकाशी ताडून बघायचंय ना?" मी सांगितलं की ताडणी घरी, पुस्तक घरीच आहे, तिथे फक्त पहिली-शेवटची ओळ आणि डोळ्याला दिसलेला फरक. त्यांना ते पटलं, पण अर्धवट. माझ्याही मनात तेवढी शंका आहेच. पहिल्या आठवड्यात १८ऐवजी १२च अंक झाले तर मार्चअखेरीला ३६ होतील, ४८ झाले तर नशीब.

मंजुरी ३० एप्रिलची दिली, एका अटीवर: प्रकरण एक आणि दोन २० मार्चला विभागात जमा, बांधणी नको, साध्या फाइलीत. आणि दर शुक्रवारी किती अंक झाले ते मला कळवायचं, १५च्या खाली गेले तर मी सरांना सांगायचं. ती आज सकाळच्या धीम्या लोकलने गेली आहे. दुपारी मेसेज आला: पाच अंक झाले, सहाव्याचं मधलं पान शिवणीत इतकं आत गेलंय की ओळींची शेवटची अक्षरं दिसत नाहीत, काय करू? कळवलंय की फाइल दाबून उघडू नकोस, दिसतं तेवढंच उतरव, न दिसणाऱ्या जागी चौकोनी कंस घाल आणि काउंटरवरच्या बाईंना पान दाखवून ठेव.