खालच्या दोन रेघा

“तुमच्या ड्रॉईंगच्या प्रत्येक शीटच्या खाली त्या दोन सारख्या रेघा कशाला असतात? कोपऱ्यात १:१०० लिहिलेलं असतंच की.”

कोपऱ्यातलं १:१०० हे मी टाईप केलेलं अक्षर आहे. शीट कितीही बारीक होऊन निघाली तरी ते १:१००च राहतं. तसंच मापांचं. मॉडेलमध्ये, म्हणजे ऑटोकॅडमध्ये खऱ्या मापाने काढलेल्या इमारतीत, सहा मीटरचा गाळा असेल तर डायमेन्शन ६००० दाखवणार, मग कागदावर तो ६० मिलिमीटरचा उतरो की ५५चा. म्हणजे चुकीच्या स्केलची शीट वाचायला अगदी बरोबर दिसते. ती पट्टी लावल्यावरच सापडते, आणि पट्टी लावतो साईटवरचा मिस्त्री.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या लूमसाठी एक शेड होती. साठ बाय तीस मीटर, ए-वन शीट, १:१००. त्यात लूमच्या रांगेशेजारून केबल ट्रेंच जाणार होता. ट्रेंचची रुंदी मी दिली, खोली दिली, पण कॉलमच्या सेंटर लाईनपासून तो किती अंतरावर आहे, ते माप टाकायचं राहिलं. मॉडेलमध्ये ते अंतर १२४०० होतं, म्हणजे १२.४ मीटर.

मिस्त्रीमामांनी फोन केला नाही. सिमेंटच्या गोणीवर ड्रॉईंग पसरलं, दोन कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि तिकोनी पट्टी लावली. पट्टीवर बाराच्या रेघेला किंचित कमी आलं. ११.९७ असलं माप कोण देईल, म्हणून त्यांनी बारा धरलं आणि ट्रेंचवर पेन्सिलीने तसं लिहूनही ठेवलं. तो आकडा मी नंतर पाहिला, नीट गोल काढलेला. ट्रेंच खोदला, बांधला, वर ट्रिमिक्सचं काँक्रीटही झालं. लूम बसवायला माणसं आली तेव्हा एका रांगेच्या बोल्टची भोकं थेट ट्रेंचच्या भिंतीवर येत होती. चाळीस सेंटिमीटरचा फरक.

मालकांसमोर मी पहिलं वाक्य बोललो ते हे : “शीटवर स्पष्ट लिहिलंय, लिहिलेली मापं घ्या, मोजून घेऊ नका.” मामा म्हणाले, “साहेब, लिहिलेलं माप असतं तर घेतलंच असतं.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी त्यांच्याकडूनच पट्टी घेतली आणि ६००० लिहिलेल्या गाळ्यावर ठेवली. ६० यायला हवे होते, ५८ला थोडे कमी आले. लगेच म्हणालो, झेरॉक्सवाल्याने पीडीएफ छापताना ‘Fit’ ठेवलं असणार, ‘Actual size’ करायला हवं होतं. मालकांनी मान डोलावली. दोष तिसऱ्याच माणसावर गेला, जो तिथे नव्हता.

रात्री घरी तीच पीडीएफ उघडून आतलं अंतर मोजलं. चौकट ८४१ मिलिमीटरची काढली होती, पीडीएफमध्ये ती ८१२ होती. झेरॉक्सच्या दुकानात जाण्याआधीच शीट आखडली होती. ८१२ भागिले ८४१, म्हणजे ०.९६५५. सहा मीटरच्या गाळ्याचे ६० मिलिमीटर त्याने गुणले की ५७.९. ट्रेंचच्या १२४चे ११९.७. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले.

मग फाईल उघडली. व्ह्यूपोर्ट, म्हणजे शीटवरची मॉडेल दाखवणारी खिडकी, बरोबर होता, १:१००. पण प्लॉटच्या चौकटीत ‘Fit to paper’वर टिक होती आणि पेज सेटअपमध्ये ती सेव्ह झाली होती. ती कशी आली, हेही मला आठवलं. मी चौकट थेट कागदाच्या कडेला काढली होती. प्लॉटर कडेची पट्टी छापत नाही, त्यामुळे १:१वर उजवी रेघ कापली जात होती. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, सकाळी शीट द्यायची होती, टिक केली, रेघ दिसली, झोपलो. चौकट आत सरकवायला दोन मिनिटं लागली असती.

लेआउटमधून छापताना प्लॉट स्केल १:१च हवं. तिथला कागद आधीच खऱ्या मिलिमीटरचा आहे, इमारत लहान करण्याचं काम व्ह्यूपोर्टने केलेलं असतं. प्लॉटला पुन्हा लहान करू दिलं तर दोन गुणाकार होतात आणि दुसरा कुठेच लिहिलेला नसतो.

त्या वेळचा मी आजही माझ्याशी वाद घालतो. तो म्हणतो, ड्रॉईंग मोजायचं नसतंच, हा जगभरचा नियम आहे. खरं आहे. मी आजही ती सूचना छापतो आणि मामांनी फोन करायला हवा होता, असं मला आजही वाटतं. पण शीटवर स्केल लिहायचं आणि मोजू नका म्हणायचं, हे एका तोंडाने कसं बोलायचं, ते मला सुटलेलं नाही.

तर त्या रेघा. वरची रेघ मी पेपर स्पेसमध्ये, म्हणजे लेआउटच्या त्या कागदावरच काढतो, बरोबर १०० मिलिमीटर. खालची मॉडेलमध्ये, दहा मीटरची, आणि ती व्ह्यूपोर्टमधून दिसते. १:१००ला दोन्ही सारख्या दिसायला हव्यात आणि पट्टीवर १०० भरायला हव्यात. दोन्ही सारख्याच आखूड असतील तर गडबड छापण्यात : प्लॉट, पीडीएफ किंवा दुकानातलं मशीन. वरची १०० आणि खालचीच वेगळी असेल तर गडबड व्ह्यूपोर्टची. एकच रेघ पेपर स्पेसमध्ये असती तर ही दुसरी चूक तिने लपवलीच असती. ए-वनची मुद्दाम ए-थ्रीवर काढलेली प्रत असेल तर दोन्ही ५० येतात, म्हणजे शीट १:२०० म्हणून वाचायची.

दुसरी चूकही माझ्याकडे झाली आहे. हाताखालच्या मुलाने व्ह्यूपोर्टमध्ये डबल क्लिक करून एक शब्द बदलला आणि सवयीने माउसचं चाक फिरवलं. बाहेर आल्यावर शीट आधीसारखीच वाटत होती. खालची रेघ ९७ आली म्हणून कळलं. व्ह्यूपोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘Custom scale’पुढे 0.01 च्या जागी 0.0097 होतं. आत जाऊन पुन्हा बसवलं :

```
ZOOM
1/100XP
```

हे मॉडेल मिलिमीटरमध्ये असेल तर. मीटरमध्ये काढलेलं असेल तर `10XP`, कारण एक मीटर म्हणजे कागदावरचे दहा मिलिमीटर. आणि मग ‘Display locked’ला ‘Yes’. त्यानंतर आत असताना चाक फिरवलं तरी अख्खी शीटच जवळ-लांब होते, स्केल हलत नाही.

ट्रेंच फोडून पुन्हा बांधला, त्या कामाचे पैसे मी मागितले नाहीत. झेरॉक्सवाल्या भाऊंकडे जाऊन चूक माझी होती हे सांगितलं. ते म्हणाले, मालकांनी तेव्हापासून इकडे प्रिंट पाठवली नाही. मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, “जाऊ द्या, झालं ते झालं.” मालकांच्या प्रिंटा अजून दुसरीकडेच निघतात.