एक तृतीयांश, पण कशाचा?

जुलैमध्ये रिटर्नच्या गर्दीत एक जोडपं माझ्याकडे आलं. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, साहेब एका खाजगी कंपनीतून सप्टेंबर 2024 अखेर निवृत्त. साहेबांनी फॉर्म 16 टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हिची पेन्शन विकली तेव्हा एक रुपयाही टॅक्स लागला नव्हता. मग माझ्याच बारा लाखांवर का लावला?"

पेन्शन विकणं, म्हणजे कागदोपत्री अंशराशीकरण, दोघांनीही केलं होतं. पण 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 10(10A) दोघांकडे एकाच नजरेनं बघत नाही. सरकारी आणि जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्याला मिळालेली एकरकमी रक्कम पूर्ण करमुक्त. खाजगी नोकरदाराला ग्रॅच्युइटी मिळाली असेल तर एक तृतीयांश माफ, नसेल मिळाली तर निम्मी. (मान्यताप्राप्त सुपरअॅन्युएशन फंडातून पैसे आले असते तर हिशेब वेगळा. इथे पेन्शन कंपनी स्वतः देत होती.)

इथवर बाईंना पटलं. साहेबांना पटलं नव्हतं, आणि आकडे बघितल्यावर मलाही ते पटेना. महिना 25,000 पेन्शनपैकी त्यांनी 60 टक्के विकली होती. हातात आले 18 लाख. ग्रॅच्युइटी मिळालेली, म्हणून कंपनीनं 18 चा तिसरा हिस्सा 6 लाख माफ धरून उरलेल्या 12 लाखांवर टीडीएस कापला. कायदा मात्र मिळालेल्या रकमेचा तिसरा हिस्सा म्हणत नाही. सगळी पेन्शन विकली असती तर जी रक्कम आली असती, तिचा तिसरा हिस्सा म्हणतो. 60 टक्क्यांचे 18 लाख, तर 100 टक्क्यांचे 30 लाख. त्याचा तिसरा हिस्सा 10 लाख. म्हणजे करपात्र फक्त 8 लाख.

फॉर्म 16 वर हे दिसत नाही. तिथे माफीचा नुसता आकडा असतो. किती टक्के पेन्शन विकली ते कंपनीच्या मंजुरी पत्रात असतं, आणि ते पत्र लोक घरी ठेवून येतात. बाईंनी पिशवीतून ते काढून दिलं. इतकी वर्षं शाळेचं दप्तर सांभाळल्याचा परिणाम असावा.

मग नव्या करप्रणालीत हिशेब मांडला. सहा महिन्यांचा पगार 6 लाख आणि उरलेल्या 10,000 च्या मासिक पेन्शनचे सहा महिन्यांचे 60,000. ही पेन्शन पगारासारखीच पूर्ण करपात्र, तिला तिसऱ्या हिश्श्याची सवलत नाही. 75,000 ची प्रमाणित वजावट मात्र पगार आणि पेन्शन मिळून एकदाच. कंपनीच्या हिशेबानं कर येत होता 2,34,520 रुपये, बरोबर हिशेबानं 1,21,680. फरक 1,12,840 रुपयांचा.

"आणि कलम 89 ची सवलत?" एकदम हाती आलेल्या रकमेमुळे वाढलेला कर कमी करणाऱ्या या सवलतीबद्दल साहेबांनी कुठेतरी वाचलं होतं. मी तेही करून बघितलं. करपात्र 8 लाखांचे तीन भाग करून मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नात एकेक घालायचा आणि त्या वर्षांच्या सरासरी दराशी यंदाचा दर ताडून बघायचा. त्या वर्षांत पूर्ण पगार होता, तोही जुन्या करप्रणालीत. तिथला दर यंदापेक्षा जास्तच निघाला, म्हणून सवलत शून्य. निघाली असती तर रिटर्नच्या आधी फॉर्म 10E ऑनलाइन भरावा लागला असता.

आता बाईंनी मला खटकत होतं तेच विचारलं. "यांनी हे पैसे एप्रिलनंतर घेतले असते तर?"

कंपनीच्या योजनेत निवृत्तीनंतर वर्षभरात कधीही विक्री करता येत होती. एप्रिल 2025 सुरू होताच विकली असती, तर आदल्या वर्षी सहा महिन्यांचा पगार आणि पूर्ण पेन्शन मिळून वजावटीनंतर 6,75,000 उरले असते. तेव्हा 7 लाखांपर्यंत कर शून्यच. पुढच्या वर्षी पगार नाही, फक्त पेन्शन आणि हे 8 लाख. म्हणजे साडेआठ लाखांच्या आत, तर 2025-26 साठी करमुक्तीची मर्यादा 12 लाख झालेली. 1,21,680 च्या जागी शून्य. ही मर्यादा वाढेल हे ऑक्टोबरमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, पण जुन्या दरांनीसुद्धा कर जेमतेम 36,000 झाला असता.

"अहो, मी तेव्हाच म्हटलं होतं, घाई कशाला," बाई म्हणाल्या. साहेब फॉर्म 16 ची घडी घालत राहिले.

रिटर्नमध्ये 10(10A) खाली मी 10 लाख दाखवले आणि परतावा मागितला. फॉर्म 16 शी हा आकडा जुळत नाही, तेव्हा विचारणा येऊ शकते. म्हणून हिशेबाचा कागद आणि मंजुरी पत्राची प्रत फाइलला लावून ठेवली, आणि टीडीएस विवरण दुरुस्त करून द्या असं पत्र साहेबांच्या सहीनं कंपनीला पाठवलं. त्याच महिन्यात तिथून आणखी काही जण निवृत्त झाले होते. त्यांचे फोन नंबर साहेबांकडे होते.