टीकेला उत्तर देण्याची पद्धत: नांदूर मध्यमेश्वरच्या ब्लॉगची या हंगामातील प्रगती

पावसाळ्यातील तयारी

नाशिकहून निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर जाऊन पक्ष्यांच्या नोंदी करणे आणि त्या ब्लॉगवर मांडणे हा माझा छंद आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ऑक्टोबरनंतर स्थलांतरित पक्षी येऊ लागले की वाचकही वाढतात आणि त्यांच्या प्रतिक्रियांत ओळख चुकल्याची शंका, जागेबद्दलचे प्रश्न, जुने राग आणि निव्वळ जाहिराती असे सगळे एकत्र येते. म्हणून या वर्षी हंगाम सुरू होण्यापूर्वीच प्रतिक्रिया तपासण्याची व्यवस्था नीट लावायची, असे ठरवले होते.

ब्लॉग वर्डप्रेसवर असल्यामुळे सुरुवात Settings → Discussion या पानापासून केली. तेथे शब्दांच्या दोन याद्या देता येतात. Comment Moderation या यादीतील शब्द आढळला तर प्रतिक्रिया मंजुरीसाठी थांबते, परंतु Disallowed Comment Keys या यादीतील शब्द आढळला तर ती थेट कचरापेटीत जाते आणि मूळ मांडणी बदललेली नसेल तर ३० दिवसांनी कायमची पुसली जाते. हा फरक मराठीत लिहिणाऱ्यांना विशेष जाणवतो, कारण दोन्ही याद्या पूर्ण शब्द पाहत नाहीत. दिलेली अक्षरे कोणत्याही शब्दाच्या पोटात सापडली तरी नियम लागू होतो. कोणावर पैसे खाल्ल्याचा आरोप करणाऱ्या प्रतिक्रिया आपोआप थांबाव्यात म्हणून ‘लाच’ हा शब्द घालण्याचा विचार होता. यादीत घालण्यापूर्वी तोच शब्द जुन्या प्रतिक्रियांच्या शोधखिडकीत टाकून पाहिला, तेव्हा ‘मलाच’, ‘नाशिकलाच’, ‘मुलाच्या’ असे शब्द असलेल्या कितीतरी निरुपद्रवी प्रतिक्रिया समोर आल्या. दोन-तीन अक्षरी मराठी शब्द यादीत शक्यतो घालू नयेत आणि कोणताही शब्द घालण्यापूर्वी ही शोधाची चाचणी करावी, असे मी आता ठामपणे सांगेन.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. ‘घरबसल्या नोकऱ्या’ अशी जाहिरात करणारा मजकूर यादीत तेच शब्द असूनही निसटू शकतो, कारण ‘ऱ्या’ हे अक्षर दोन प्रकारे टंकले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी असतात:

```
ऱ्या   U+0931 U+094D U+092F U+093E
र्‍या   U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
```

यावर उपाय सोपा आहे. असा शब्द दोन्ही रूपांत, प्रत्येक रूप स्वतंत्र ओळीवर लिहावा, किंवा त्यातील ‘नोकऱ्या’ सोडून केवळ ‘घरबसल्या’ एवढाच भाग ठेवावा. माझ्याकडे Disallowed Comment Keys मध्ये अशा जाहिरातींचे मोजके पत्ते आहेत. बाकी सर्व शब्द मंजुरीच्या यादीत आहेत, म्हणजे या जाहिराती सोडल्या तर काहीही मी न वाचता नाहीसे होत नाही.

डिसेंबरमधील एक प्रतिक्रिया

या हंगामात ज्या प्रकरणातून सर्वांत जास्त शिकायला मिळाले, ते येथे तपशिलाने नोंदवतो. ‘नांदूर मध्यमेश्वरला २०१९ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला’ असे वाक्य माझ्या एका लेखात होते. रामसर स्थळ म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली पाणथळ. त्यावर एका वाचकाने लांबलचक प्रतिक्रिया पाठवली. दर्जा २०२० साली मिळाला, आपण वाचकांना खोटी माहिती देता, आपल्याला पाणथळींबद्दल काहीही कळत नाही आणि तिथला अमुक एक मार्गदर्शक छायाचित्रांसाठी पक्षी मुद्दाम उडवतो, असा तिचा आशय होता. मार्गदर्शकाचे पूर्ण नाव आणि गावही त्यात दिले होते.

हे गृहस्थ पूर्वी मंजूर झालेले वाचक होते. वर्डप्रेसच्या मूळ मांडणीत ज्याची एक प्रतिक्रिया मंजूर झाली आहे, त्याच नावाने आणि ई-मेलने आलेली पुढची प्रतिक्रिया थेट प्रसिद्ध होते. हंगामाच्या काळात मी सर्वांसाठी मंजुरी सक्तीची केलेली असल्यामुळे ही थांबली. ज्यांना वर्षभर सर्वांची सक्ती नको असेल त्यांनी एखाद्या तापलेल्या वाचकाचा ई-मेल तेवढ्यापुरता मंजुरीच्या यादीत टाकावा, कारण ती यादी मजकुराबरोबर नाव, ई-मेल आणि संगणकाचा इंटरनेटवरील आयपी पत्ताही तपासते.

प्रतिक्रिया वाचल्यावर मी तिचे तीन भाग केले आणि प्रत्येकाचा स्वतंत्र विचार केला. वर्षाबद्दलचा दावा तपासता येणारा होता. माझ्यावरचा राग हा माझ्यापुरता होता आणि तो प्रसिद्ध होण्याने कोणाचे नुकसान होत नव्हते. मार्गदर्शकावरील आरोप मात्र तिसऱ्या, अनुपस्थित माणसावर होता. तो खरा की खोटा हे मला पडताळता येत नव्हते आणि त्या माणसाला माझ्या ब्लॉगवर येऊन उत्तर देण्याची संधी मिळेलच असेही नव्हते. पहिल्या दोन भागांसाठी प्रतिक्रिया प्रसिद्ध व्हायला हवी होती आणि तिसऱ्यासाठी ती होता कामा नये होती.

अशा वेळी आक्षेपार्ह ओळ खोडून उरलेले छापण्याचा मोह होतो, आणि तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. एक कारण नीतीचे आहे: दुसऱ्याच्या नावाखाली त्याने लिहिलेले नाही असे रूप उभे राहते आणि टीकाकार ‘माझे शब्द बदलले’ असे म्हणाला तर ते खरेच असते. दुसरे कारण कायद्याचे आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ मध्ये इतरांचा मजकूर दाखवणाऱ्या संकेतस्थळासारख्या मध्यस्थाला जे संरक्षण आहे, त्याच्या अटींमध्ये मध्यस्थाने तो मजकूर निवडू किंवा बदलू नये असे म्हटले आहे. वाचून, निवडून, ओळी बदलून छापणाऱ्याला त्या संरक्षणावर विसंबणे कठीण जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधील बदनामीची तरतूद लक्षात घेता, नावानिशी केलेला न पडताळलेला आरोप मी मंजूर करणे म्हणजे त्याच्या प्रसिद्धीत सहभागी होणे होय.

म्हणून मी त्यांना त्याच संध्याकाळी ई-मेल लिहिले. ‘आपल्या प्रतिक्रियेतील वर्षाचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि माझ्यावरील टीकेसह तो मी प्रसिद्ध करीन. मार्गदर्शकाबद्दलचा परिच्छेद वगळून आपण ती पुन्हा पाठवावी. पक्ष्यांना त्रास दिला जात असल्याचे आपण स्वतः पाहिले असेल, तर तारीख, वेळ आणि जागा देऊन वन्यजीव विभागाच्या नाशिक कार्यालयाकडे तक्रार करावी. तेथे चौकशी होऊ शकते, माझ्याकडे होऊ शकत नाही.’ रागाच्या भाषेबद्दल या पत्रात एकही शब्द नव्हता. दोन दिवसांनी प्रतिक्रिया सुधारून आली. माझ्याबद्दलची वाक्ये तशीच होती आणि ती मी तशीच मंजूर केली.

दरम्यान मी वर्षाचा मुद्दा तपासला. रामसर कराराच्या स्थळांच्या यादीत नांदूर मध्यमेश्वरच्या नोंदीची तारीख २१ जून २०१९ आहे. त्याची भारतात घोषणा मात्र जानेवारी २०२० मध्ये, देशातील इतर नव्या स्थळांबरोबर झाली. वर्तमानपत्रे वाचणाऱ्याच्या लक्षात २०२० राहणे स्वाभाविक आहे. यादीतील तारीखच ग्राह्य धरायची हे निश्चित, पण टीकाकाराच्या गैरसमजाचे कारण सापडल्याशिवाय उत्तर लिहू नये, कारण तेच कारण इतर दहा वाचकांच्या मनातही असण्याची शक्यता असते.

प्रतिक्रियेखाली दिलेले उत्तर असे होते: ‘जानेवारी २०२० ही घोषणेची तारीख आहे आणि त्या वेळी आलेल्या बातम्यांमुळे तेच वर्ष सर्वत्र रूढ झाले. कराराच्या यादीत नोंदीची तारीख २१ जून २०१९ अशी आहे. लेखात आता दोन्ही तारखा दिल्या आहेत. आपल्या प्रश्नामुळे ते वाक्य अधिक नेमके झाले.’ लेखाच्या शेवटी ‘घोषणेची तारीख वाचकाच्या सूचनेवरून जोडली’ अशी दिनांकासह ओळही टाकली. उत्तर लिहून मी ते रात्रभर ठेवले आणि सकाळी त्यातील ‘आपण पूर्ण माहिती न घेता’ हे शब्द काढून टाकले. ते खरे असले तरी तारखेबद्दल त्यांतून काही कळत नव्हते.

पाठोपाठ आलेल्या सहमती

या उत्तरानंतर लगेच वेगळ्या नावांनी दोन छोट्या प्रतिक्रिया आल्या. दोघेही टीकाकाराशी सहमत होते आणि दोन्हींचा संगणकाचा पत्ता एकच, म्हणजे त्या गृहस्थांचाच होता. येथे घाई करू नये. मोबाईल इंटरनेट देणाऱ्या कंपन्या अनेक ग्राहकांना बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता देतात, त्यामुळे एकाच पत्त्यावरून तीन खरी माणसे लिहीत असणे शक्य असते. पत्त्याबरोबर काही मिनिटांचे अंतर, एकसारखी शुद्धलेखनाची सवय आणि यापूर्वी कधीही न दिसलेले ई-मेल हे सर्व जुळले तर शंका बळावते, तरीही तो पुरावा होत नाही. जाहीरपणे ‘हे सर्व तुम्हीच आहात’ असे लिहिण्यातून काहीच साधत नाही. आरोप चुकीचा निघाला तर ब्लॉगची विश्वासार्हता जाते आणि बरोबर निघाला तरी चर्चा तारखेवरून माणसावर घसरते. मी नियम एवढाच लावला, की ज्यात नवा मुद्दा किंवा प्रश्न आहे ती प्रतिक्रिया प्रसिद्ध होईल. एकीत घोषणेच्या बातमीचा दुवा होता, ती घेतली. दुसरी केवळ ‘अगदी बरोबर बोललात’ अशी होती, ती थांबवली. हा नियम माझी स्तुती करणाऱ्या एकोळी प्रतिक्रियांनाही लागू आहे, आणि नियम-पानावर तसे लिहिलेले आहे.

आता चालू असलेले काम

टीकेपेक्षाही जपून हाताळावा लागणारा एक प्रकार मागे राहिला आहे. एखादा उत्साही वाचक अत्यंत सद्भावनेने घरट्याची नेमकी जागा लिहितो: अमुक बांधावरून तिसरे बाभळीचे झाड. असा मजकूर प्रसिद्ध झाला की पुढच्या रविवारी तेथे कॅमेऱ्यांची गर्दी होऊ शकते, आणि पालक पक्षी वारंवार उडवले गेले तर अंडी किंवा पिले उघडी पडतात. यासाठी ‘घरटे’, ‘घरट्या’, ‘अंडी’, ‘पिल्ले’ आणि ‘पिले’ हे शब्द मंजुरीच्या यादीत घातले आहेत. ‘घरट्या’ वेगळा द्यावा लागतो, कारण ‘घरट्यात’ या शब्दात ‘घरटे’ ही अक्षरे येत नाहीत. अशा वाचकाला प्रजाती आणि महिना एवढेच ठेवून प्रतिक्रिया पुन्हा पाठवण्याची विनंती करणारे छोटे पत्र तयार केले आहे. मराठी रोमन लिपीत लिहिणाऱ्यांसाठी याच शब्दांची `gharte`, `gharta`, `ghartya` अशी रूपे गोळा करणे चालू आहे. आपल्या ब्लॉगवर आणखी कोणती रूपे आढळली असतील तर ती जरूर कळवावीत.