बेळगाव ते बेंगळुरू : सीटच्या बटणांशी माझी झटापट

उद्यमबागेत आमचं छोटं मशीनशॉप आहे आणि माल जातो बेंगळुरूच्या पीण्याला. महिन्यातून एकदा तरी मला स्वतः तिकडे जावं लागतं. शहापुरातल्या घरापासून साधारण पाचशे किलोमीटर, हायवे सरळ, पण वय पन्नाशीच्या पलीकडे गेल्यावर रस्ता सरळ असून उपयोग नसतो, कंबर सरळ राहायला हवी. म्हणून गेल्या वर्षी सेकंडहँड का होईना, पण जरा वरच्या दर्जाची गाडी घेतली. हवा खेळणारी सीट, मसाज, कंबरेच्या आधाराला, म्हणजे लंबरला, चार दिशांचं बटण, वर दोन जणांच्या बसायच्या जागा लक्षात ठेवणारी मेमरी. विकणाऱ्याने सांगितलं, ‘‘बसा आणि झोपा.’’ गाडी चालवणाऱ्याला हा सल्ला जरा विचित्रच, पण मी हसून पैसे दिले.

पहिला प्रवास एप्रिलात. सगळं पैसे मोजून घेतलेलं, तर सगळं वापरायचं, असा माझा हिशेब. व्हेंटिलेशन तीनवर, लंबर जितकं पुढे येईल तितकं पुढे, आणि मसाज संपला की पुन्हा सुरू. हुबळीपर्यंत राजासारखं वाटलं. हावेरीला कंबर आखडली. दावणगेरेला लोणी डोसा खायला उतरलो तेव्हा पाठ ओल्या फडक्यासारखी थंड आणि उजवा पाय मुंग्यांनी भरलेला. बायको म्हणाली, ‘‘अहो, जुन्या गाडीत तरी सरळ चालत होता की तुम्ही!’’

परत आल्यावर आधी व्हेंटिलेशनचा छडा लावला. एवढा गारठा लागूनही बसायच्या जागेखाली मात्र घाम तसाच होता, हे मला कळेना. आमच्याच गल्लीतल्या गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने एक टिश्यू पेपर काढला, सीट सुरू करून पाठीच्या भागावर धरला. कागद चिकटून बसला. मग बसायच्या भागावर ठेवला, तर तिथे कागद हलेचना. ‘‘साहेब, तुमची सीट वारा फेकत नाही, ओढून घेते,’’ तो म्हणाला. काही गाड्यांत पंखा हवा वर फेकतो, तिथे कागद उडतो. माझ्या गाडीत तो अंगाजवळची दमट हवा चामड्याच्या बारीक छिद्रांतून आत खेचतो, म्हणून कागद चिकटतो. दोन्हीत एक गोष्ट बहुतेक सारखी: सीटमध्ये एसी नसतो, नुसता पंखा असतो. केबिनमध्ये जी हवा असेल तीच तो फिरवणार.

बसायच्या भागाचं कोडं त्याने वाकून बघताच सुटलं. सीटखाली छत्री, घडी घातलेली गोधडी आणि मालाच्या नमुन्यांची पिशवी मीच कोंबून ठेवली होती. हवेला जायची वाटच नव्हती. शिवाय आधीच्या मालकाने बसायच्या भागावर रेक्झिनचं कव्हर घातलेलं, त्याला एकही छिद्र नाही. ‘‘ह्याच्यावर कव्हर घातल्यावर वारा येतोय कुठनं मग?’’ पाठीच्या भागावरही बाजूने तसलंच कव्हर ओढलेलं होतं. सीटच्या बाजूला एअरबॅग असते, ती फुगायची वाट बंद होते, म्हणून तेही काढायला लावलं. चामडं चकाकावं म्हणून क्रीम थापणाऱ्यांनाही हेच सांगेन: छिद्रं बुजतात. कोरड्या मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा, पाणी ओतू नका, खाली पंखा आणि वायरी आहेत.

आता माझी पद्धत अशी. उन्हात उभी असलेली गाडी आधी खिडक्या खाली करून, एसी सुरू करून चार-पाच मिनिटं थंड होऊ देतो. मग व्हेंटिलेशन तीनवर. पाठ कोरडी झाली की, साधारण पंधरा मिनिटांत, एकवर. तीनवरच ठेवलं की घामाने भिजलेला शर्ट भराभर वाळतो आणि तेवढ्या भागाला गारठा बसतो. हावेरीला माझं आखडणं निम्मं तिथून आलं होतं. बाकीचं निम्मं लंबरमधून.

लंबरचा धडा मला फिजिओथेरपिस्टकडून मिळाला. त्यांनी एकच वाक्य सांगितलं: कंबरेची पोकळी भरायची, कंबर ढकलायची नाही. मी ती ढकलत होतो. मग रविवारी सकाळी गाडी दारात सपाट जागी उभी केली आणि सगळं शून्यावर आणून सुरुवात केली. लंबर पूर्ण मागे, म्हणजे आतली हवेची पिशवी रिकामी. ढुंगण सीटच्या अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत सरकवून बसलो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील इतकं अंतर घेतलं. पाठ ताठ उभी न करता थोडी मागे कलती ठेवली, आणि खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पोचतंय ना, ते बघितलं. हे आधी जमलं नाही तर लंबरला हात लावून काही उपयोग नाही, कारण नंतर पाठ हलवली की लंबरची जागाही बदलते.

मग उंची. लंबरचा फुगीर भाग साधारण कमरपट्ट्याच्या जरा वर, बेंबीच्या मागच्या बाजूला यायला हवा. माझा आधी बरगड्यांना लागत होता. उंची जमल्यावर हळूहळू फुगवायचं. माझ्या गाडीत स्क्रीनवर आकडा दिसत नाही, म्हणून पंपाचा आवाज सुरू झाल्यावर मनात ‘विठ्ठल’ म्हणत मोजतो. चौथ्या विठ्ठलाला पोकळी भरली. पाचव्याला खांदे सीटपासून सुटायला लागले, म्हणजे जास्त झालं. तपासायची खूण अशी: कंबर आणि सीट यांच्यात तळहात सरकवला तर तो जरा अडून आत जायला हवा. सहज गेला तर हवा कमी, गेलाच नाही तर जास्त.

पायाच्या मुंग्यांचं कारण वेगळं निघालं. सीटचा पुढचा काठ मी उंच केला होता आणि तो गुडघ्यामागे रुतत होता. गुडघ्याची मागची बाजू आणि काठ यांत दोन-तीन बोटं बसतील इतकी जागा ठेवली आणि मुंग्या थांबल्या.

आता मेमरी. SET दाबून एक, अशी जागा साठवली. मग मुद्दाम सगळं विस्कटलं आणि एक दाबलं. सीट अर्ध्यात थांबली. मला वाटलं बिघाड. विकणाऱ्याला फोन करणार होतो, तेवढ्यात गाडीचं पुस्तक उघडलं. दार बंद असताना बटण जागा येईपर्यंत दाबून धरायचं, बोट सोडलं की सीट थांबते, म्हणजे कुणाचा पाय-गुडघा अडकू नये. दार उघडं असलं की एकदाच दाबलं तरी चालतं. प्रत्येक गाडीत हे थोडं वेगळं असतं, म्हणून साठवून-विस्कटून-परत बोलावून बघणं हाच खरा तपास. त्या तपासातच कळलं की माझ्या गाडीत सीट, आरसे आणि लंबर साठतं, पण व्हेंटिलेशन आणि मसाजची पातळी साठत नाही. कित्येक गाड्यांत लंबरसुद्धा साठत नाही. तिथे विठ्ठलाचीच मोजणी कामाला येते.

दोन नंबरचं बटण बायकोचं असणार होतं, ती अर्ध्या रस्त्याला गाडी घेते. पण तिची उंची माझ्याइतकीच, आणि फिजिओंनी एक गोष्ट सांगितली होती: चांगलीच जागा असली तरी पाच-सहा तास एकाच जागी कंबर दाबली की दुखणारच. म्हणून दोन नंबरला मी माझ्याच जागेत किंचित बदल साठवला. लंबर तीन विठ्ठल, उंची एक टिचकी खाली, पाठ जरा जास्त कलती. आम्हा दोघांनाही ती चालते. दर थांब्यावर एकवरून दोनवर, पुढच्या थांब्यावर परत. हे मात्र गाडी उभी असतानाच. चालत्या गाडीत सीट सरकली की पायापासून ब्रेकच्या पेडलचं अंतर बदलतं.

मसाजबद्दल मी आता फारसा उत्साही नाही. आत हवेच्याच पिशव्या असतात, पंप त्या आळीपाळीने भरतो-सोडतो. हाताने चोळल्यासारखं ते नसतं, पण पाठीवरचा दाब जागा बदलतो, आणि फायदा होतो तो तेवढाच. सगळ्यात हलकी पातळी, खालून वर जाणारी लाट, दहा मिनिटं, दीड-दोन तासांतून एकदा. जेवणानंतर मात्र गाडी चालवताना कधीच लावत नाही. सिऱ्याच्या अलीकडे एकदा डोळा जड झाला होता, तेवढं पुरे. शिवाय माझ्या सीटमध्ये मसाज संपल्यावर लंबरची पिशवी थोडी सैल राहते. पुढच्या थांब्यावर मेमरी पुन्हा दाबली की जागेवर येते. कधी न दाबता आपोआप सैल व्हायला लागली आणि सीटखालून फुसफुस ऐकू आली, तर पिशवी किंवा नळी गळते आहे असं समजायचं. आणि पिंढऱ्यांना मसाज काहीच करत नाही, तिथे उतरून पाच मिनिटं चालण्याला पर्याय नाही.

जूनमध्ये पुन्हा निघालो. पहाटे पाचला हिरेबागेवाडीचा टोल ओलांडला. हुबळीला चहा, एक नंबरवरून दोन. दावणगेरेला डोसा, परत एक. पुढे चित्रदुर्गाच्या पलीकडे बायकोने गाडी घेतली. पाठ कोरडी, कंबर जागेवर, पायात मुंग्या नाहीत. फक्त उजव्या कुल्ल्याच्या बाजूला काहीतरी बोचत होतं. तुमकुरूपर्यंत मी शेजारची सीट वर-खाली करून थकलो. एक टिचकी लंबर, अर्धी टिचकी पाठ, पुन्हा पहिल्यापासून.

पीण्याला गाडी लावून उतरलो तेव्हा बायकोने माझ्या पँटच्या मागच्या खिशाकडे बोट दाखवलं. जीएसटीच्या पावत्यांनी फुगलेलं पाकीट बेळगावपासून तिथेच होतं. पाचशे किलोमीटर मी एका बाजूला तिरका बसून आलो होतो. परतताना ते डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं, आणि तिने हसत हसत एक नंबरचं बटण दाबून धरलं.