गळत होतं, मग कमी कसं पडलं?

"तुला तर सातव्या महिन्यातच गळत होतं ना गं? मग बाळाला डब्याचं का द्यावं लागलं?" असं मला अजून विचारतात.

गळत होतं तो चीक होता. साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास स्तनातल्या पेशी दूध बनवायला तयार होतात आणि थोडा थोडा चीक धरू लागतात. स्तन जड होतात, शिरा दिसू लागतात, बोंडाभोवतीचा भाग काळपट होऊन त्यावर बारीक पुटकुळ्या येतात. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोनही रक्तात भरपूर असतं, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन त्याला अडवून धरतं. वार पडली की ही अडवणूक सुटते आणि साधारण दोन ते तीन दिवसांत दूध भरतं. बाळंतपणाआधी चीक बाहेर येतो का आत राहतो, याचा पुढच्या दुधाशी काही संबंध नाही. माझ्या जावेला नवव्या महिन्यापर्यंत थेंबही आला नव्हता आणि तिने लेकाला दीड वर्ष पाजलं. तिला कोणी काही विचारत नाही.

आता ती रात्र. कळा देऊन देऊन शेवटी सिझर झालं होतं. दुसऱ्या रात्री मुलगी रडून रडून लाल झाली. माझे स्तन मऊच, कुठे काही भरल्याची खूण नाही. वॉर्डातल्या सिस्टरने बोंड दोन बोटांत दाबून पाहिलं आणि म्हणाली, "दूधच नाहीये." सासूबाई हळूच म्हणाल्या, "आधीच वाहून गेलं सगळं." त्या वाक्याने मला टाक्यांपेक्षा जास्त दुखलं. कारण मलाही आतून तेच वाटत होतं. गरोदरपणात ब्लाउज भिजायचे तेव्हा मी किती मिरवलं होतं, की आपल्याकडे काही कमी पडायचं नाही!

मी मुकाट्याने पावडरला हो म्हटलं आणि बोंडल्याने वीसेक मिली पाजलं. मग आई शांतपणे स्टीलचा चमचा घेऊन बसली. अंगठा आणि पहिलं बोट बोंडापासून थोडं मागे ठेवून, छातीकडे दाबून, मग बोटं एकमेकांकडे आणत तिने मला पिळायला लावलं. बराच वेळ काही नाही. मग एक थेंब आला, मधासारखा घट्ट, चमच्यात पसरेचना. तळ झाकेल इतकं जमायलाच भरपूर वेळ गेला. मुलीने ते चाटलं.

नंतर कळलं की पहिल्या दिवशी बाळ एका वेळी दोन ते दहा मिलीच पितं, आणि चीक तेवढाच असतो. दुसऱ्या रात्री बाळ सतत छाती मागतं, तेही बहुतेकदा नेहमीचंच. स्तन मऊ असणं म्हणजे दूध नसणं नव्हे. आणि वाहून गेलेला चीक संपत नाही, पुन्हा तयार होतो.

पण हे वाचून मी निर्दोष सुटले असं काही नाही, कारण दुसरी बाजूही आहे. मुलगी जन्मली तेव्हा ३ किलो होती, त्या रात्री २.७४० भरली, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के घट. सातच्या पुढे गेलं की पाजणं नीट होतंय का ते तपासायचं, दहाच्या आसपास काळजी करायची, असं सांगतात. शिवाय तिची लघवी त्या दिवशी एकदाच झाली होती, तीही लंगोटावर विटकरी डाग सोडून. दुसऱ्या दिवशी निदान दोनदा हवी. तेव्हा पावडर चूकच होती असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. उलट असंही आहे की कळांमध्ये मला सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या होत्या. आईला भरपूर सलाइन गेलं की जन्मताना बाळाचं वजन फुगीर येतं आणि नंतरची घट असते त्यापेक्षा मोठी दिसते. मग त्या नऊ टक्क्यांतली भूक किती आणि पाणी किती? डॉक्टरांना विचारलं तर तेही हसून म्हणाले, "आता कसं सांगणार?" त्या रात्रीची मी म्हणते, लेकरू रडत होतं. आजची मी म्हणते, आधी चमचा का नाही मागितलास? दोघींचं अजून जमलेलं नाही.

चौथ्या दिवशी मात्र स्तन दगड झाले आणि दूध आलं. इतकं उशिरा का? पहिलटकरीण, लांबलेल्या कळा, सिझर, यांत ते मागे पडतं. मधुमेह असला किंवा वारेचा तुकडा आत राहिला तरीही. चीक गळत होता म्हणून ते लवकर यायचं कारण नव्हतं आणि उशिरा यायचंही नव्हतं. काळी शी हिरवट आणि मग पिवळी झाली, लंगोट दिवसाला सहाच्या वर भिजू लागले, तेव्हा डबा बंद केला.

तुमच्या घरातल्या गरोदर पोरीला काही विचारायचंच असेल तर गळतंय का हे विचारू नका. स्तन वाढले का, जड झाले का, रंग बदलला का, ते विचारा. नऊ महिन्यांत यातलं काहीच झालं नसेल तर बाळंतपणाआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि एकाच बाजूने, एकाच छिद्रातून रक्त येत राहिलं किंवा गाठ लागली, तर थांबू नका.