एका पोचेसाठी

लॉच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रातर्फे आम्ही आठ जण मराठवाड्यातल्या एका गावात शिबिराला गेलो होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, चार बाकं आणि मागे फळ्यावर आदल्या दिवशीचा सातचा पाढा. भाषणं, हार, नारळ हे सगळं आटोपलं आणि माझ्या बाकासमोर एक मावशी येऊन बसल्या. हातात खताच्या कंपनीची पिशवी होती. पिशवीत पिशवी, तिच्यात पुन्हा एक पिशवी, आणि त्यात लॅमिनेट केलेला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला.

माझी पहिली खरीखुरी पक्षकार. मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्याच प्रश्नाला चुकले. पण ते नंतर सांगते.

मावशींचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. त्याने स्वतः विकत घेतलेली ८० आर, म्हणजे दोन एकर जमीन अजून त्याच्याच नावावर होती. अतिवृष्टीची मदत आली ती मयताच्या नावाने, म्हणून अडकली. तलाठ्याने सांगितलं होतं, "कोर्टातून वारस दाखला आणा." तो आणून देतो म्हणणाऱ्या एकाने पंधरा हजार मागितले होते.

मी तर खूशच झाले. उत्तराधिकार प्रमाणपत्र! नुकतंच परीक्षेला वाचलेलं. मी अर्ज लिहायलासुद्धा घेतला. पॅनेलवरच्या वकील मॅडम मागून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, ते बँकेतल्या ठेवी, येणी असल्या गोष्टींसाठी. वारसांत भांडण आहे का?" नव्हतं. "मग कोर्ट कशाला? साधी वारस नोंद करायची." म्हणजे तलाठ्याने जो चुकीचा रस्ता दाखवला होता, त्यावर मावशींना ढकलणारी दुसरी मी.

रस्ता असा होता. वारसाने तलाठ्याला कळवायचं. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे मुदत तीन महिन्यांची असली, तरी उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. तलाठी ते वारस नोंदवहीत, म्हणजे सहा-क मध्ये घेतो आणि चौकशी होऊन मंडळ अधिकारी वारस ठरवतो. मग फेरफार पडतो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही की मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. वाचायला दहा ओळी.

आता तो भाग, ज्यावर मी अजूनही चिडते. मावशी चार वर्षांत किती वेळा गेल्या होत्या? "मोजलं न्हाई माय." आणि कागदावर किती वेळा? शून्य. प्रत्येक वेळी तोंडी विचारलं, तोंडी उत्तर मिळालं. सरकार दरबारी त्या कधी आल्याच नव्हत्या.

पुढच्या मंगळवारी मी त्यांच्याबरोबर गेले. तलाठ्याकडे तीन गावं, त्यामुळे कार्यालय मंगळवार-शुक्रवारच उघडं. साडेअकरापर्यंत पायरीवर बसलो. भाऊसाहेब आले, अर्ज उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "कागद अपुरेत, घेता येणार नाही." कोणता कागद कमी आहे ते लिहून द्या म्हटलं. "लिहून कसलं द्यायचं?" मग मी ती चूक केली जी प्रत्येक लॉचा विद्यार्थी करतो: कलम म्हणून दाखवलं. कलम १४९ मध्येच आहे, कळवल्याची लेखी पोच तलाठ्याने द्यायचीच. भाऊसाहेब हसले. "मग वकीलीणबाई, कोर्टातच भेटू." खोलीतले चार जण हसले. मावशींनी माझा हात धरून बाहेर आणलं. पक्षकार वकिलाला सावरतेय, असं दृश्य.

तहसीलला गेलो. आवक-जावक टेबलवरचे म्हणाले, "हे इथलं नाही, सजाला द्या." सजावाले घेत नाहीत म्हटलं. "मग साहेबांना भेटा." साहेब मीटिंगला. तीन वाजता चहा, साडेतीनला टेबल रिकामं, सव्वाचारला "उद्या या". मावशींची शेवटची एसटी पाचची. मला रडूच यायचं बाकी होतं, त्या मात्र शांतपणे शेंगा सोलून माझ्या हातात देत होत्या. त्यांना सवय होती, आणि मला राग आला तो त्या सवयीचा.

वकील मॅडमना फोन केला. त्यांनी दोन वाक्यांत सोडवलं. "टेबलाशी भांडू नकोस. ई-हक्कवर भर." वारस नोंदीचा अर्ज ऑनलाइन करता येतो हे मला तिसऱ्या वर्षाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भरला, अर्ज क्रमांक पडला आणि तो थेट तलाठ्याच्या लॉगिनला गेला. आता "घेत नाही" म्हणायला समोर माणूसच नव्हता. तो क्रमांक मावशींनी मृत्यूच्या दाखल्याच्या मागे बॉलपेनने लिहून घेतला.

अर्ज एकदा त्रुटीत परत आला: सातबाऱ्यावर 'रामा' आणि दाखल्यावर 'रामचंद्र'. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं स्वयंघोषणापत्र जोडलं. पण बघा, त्रुटी आता लेखी होती. लेखी त्रुटी भरता येते, तोंडी त्रुटीला तळ नसतो.

आता पहिल्या प्रश्नाचं. मी विचारलं होतं, "मावशी, मुलं किती?" "दोन." मी दोन लिहिले. अर्ज भरताना सहज विचारलं, "मुलगी नाही का?" "हाय की. दिलीय लातूरला." आमच्याकडे 'मुलं' म्हणजे मुलगे, हे मला कळायला हवं होतं, माझी आजीही तसंच म्हणते. लग्न झालं तरी मुलगी वारस असतेच. बायको, दोन मुलगे आणि मुलगी, चौघांचा सारखा वाटा, म्हणजे वीस-वीस आर. ती गाळून घोषणापत्र दिलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं आणि सही मावशींची. मयताची आई हयात आहे का हेही विचारायचं, तीही तितकीच वारस. इथे त्या नव्हत्या. धाकटा मुलगा म्हणाला, ताई सोडून देईल. देऊ दे, पण त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, तलाठ्यासमोरचा जबाब पुरत नाही. आणि ते नंतर. आधी तिचं नाव.

आणि हो, हे शिबिरातलंच राहिलं. आमच्याच नोंदणीच्या टेबलावर एकाने मावशींकडे उत्पन्नाचा दाखला मागितला होता. मोफत विधी सहाय्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. कोणी मागितला तर देऊ नका, आणि तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, तिथे जा किंवा १५१०० ला फोन करा. अर्ज लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तो त्यांनी लिहून घ्यायचा असतो.

नोटिशीचे पंधरा दिवस गेले, हरकत आली नाही, फेरफार मंजूर झाला. मी हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा मावशींचा फोन आला. मोठ्या मुलाने सातबारा वाचून दाखवला होता.

"माय, पोरीचं नाव सगळ्यांच्या खाली आलंय. त्यानं काय वाटा कमी व्हतो का?"

"नाही मावशी. वर असो की खाली, तेवढाच."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, आणि मुलाला ओरडून म्हणाल्या, "ऐक, काय म्हणतीया."